‘बॉन फँ द स्मेन’ म्हणजे नेमके कधी? फ्रेंचमधील वेळेनुसार बदलणारी अभिवादने आणि निरोप

फ्रान्समधील एखाद्या कार्यालयात गुरुवारी दुपारी कोणी निघताना ‘बॉन फँ द स्मेन’ म्हणाले, तर त्याचा अर्थ होतो, ‘आठवड्याचे उरलेले कामाचे दिवस चांगले जावोत’. कॅनडातील क्वेबेक प्रांतात शुक्रवारी संध्याकाळी नेमके हेच शब्द ऐकू आले, तर त्यांचा अर्थ होतो, ‘शनिवार-रविवार मजेत जावो’. शब्द तेच, भाषा तीच, पण एकीकडे कामाचे दिवस आणि दुसरीकडे सुट्टीचे. हा फरक निरोपापुरता राहिला असता तर त्याचे फारसे बिघडले नसते. पण हेच शब्द काम पूर्ण करून देण्याच्या मुदतीतही येतात आणि तेथे दोन-तीन दिवसांची गफलत होऊ शकते.

हा फरक समजण्यासाठी फ्रेंच माणूस भेटताना आणि निघताना वेळेचा विचार कसा करतो, ते आधी पाहावे लागेल. मराठीत ‘नमस्कार’ सकाळीही चालतो आणि रात्रीही. निघताना आपण ‘येतो’, ‘भेटू’ म्हणतो, त्यातही घड्याळ नसते. फ्रेंचमध्ये मात्र निरोप घेताना समोरच्याच्या पुढ्यात अजून किती वेळ उरला आहे हे मनात मोजले जाते आणि त्या उरलेल्या वेळेला नाव देऊन शुभेच्छा दिली जाते. एवढे एक सूत्र लक्षात आले की बहुतेक शब्द आपोआप जागेवर बसतात.

(या लेखात फ्रेंच शब्द देवनागरीत दिले आहेत. उच्चार अर्थातच जवळपासचे आहेत. ‘बोंझूर’, ‘झुर्ने’ यांतील ‘झ’ हा ‘झाड’मधला नव्हे, तर ‘ट्रेझर’ या शब्दाच्या मध्यभागी येतो तसा म्हणायचा.)

भेटताना दोनच शब्द

भेटतानाचा कारभार सोपा आहे. दिवसा ‘बोंझूर’ आणि संध्याकाळपासून ‘बोंस्वार’. सकाळी आठ वाजता, दुपारी बारा वाजता किंवा चार वाजता, तिन्ही वेळी ‘बोंझूर’च म्हणतात. इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘गुड आफ्टरनून’ असे तुकडे पडतात, तसे फ्रान्समध्ये भेटताना पडत नाहीत.

‘बोंझूर’चा ‘बोंस्वार’ कधी होतो, याला ठरलेली वेळ नाही. साधारण पाच ते सातच्या दरम्यान हा बदल होतो. पॅरिसमध्ये डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, तर जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास. त्यामुळे हिवाळ्यात साडेपाचला काळोख पडलेला असताना ‘बोंस्वार’ सहज येते, तर उन्हाळ्यात सहा वाजता रस्त्यावर लख्ख ऊन असताना अनेकजण ‘बोंझूर’च म्हणतात. पण उजेड हा एकच निकष नाही. जूनमध्ये रात्री आठच्या दूरचित्रवाणी बातम्यांच्या वेळी बाहेर ऊन असते, तरी निवेदक ‘बोंस्वार’ म्हणूनच सुरुवात करतात. कामाचा दिवस संपून घरचा वेळ सुरू झाला, ही भावना येथे अधिक महत्त्वाची असते. आपण एक शब्द म्हटला आणि दुकानदाराने उत्तरात दुसरा म्हटला, तर त्यात रागावण्यासारखे काही नसते. पुढच्या दुकानात त्याचा शब्द वापरावा, इतकेच.

झूर आणि झुर्ने : एकाच दिवसाची दोन नावे

निघताना मात्र ‘बोंझूर’ चालत नाही. तेथे ‘बॉन झुर्ने’ लागते. संध्याकाळी भेटताना ‘बोंस्वार’, पण निघताना ‘बॉन स्वारे’. नव्याने फ्रेंच शिकणाऱ्यांना ही जोडी विनाकारण वाटते, कारण शब्दकोशात ‘झूर’ म्हणजेही दिवस आणि ‘झुर्ने’ म्हणजेही दिवस.

दोहोंत फरक असा की ‘झूर’ हे मोजायचे एकक आहे. तीन दिवस, सोमवारचा दिवस, अशा ठिकाणी ते येते. ‘झुर्ने’मध्ये त्या दिवसाची लांबी आहे, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत जगायचा, कामात घालवायचा काळ. आपल्याकडे ‘दिवस’ आणि ‘दिवसभर’ या शब्दांत जो फरक जाणवतो, त्याच्या जवळचा हा फरक आहे. ‘स्वार’ आणि ‘स्वारे’, ‘मातँ’ आणि ‘मातिने’ (सकाळ), ‘आँ’ आणि ‘आने’ (वर्ष) या जोड्याही अशाच बनल्या आहेत. प्रत्येक जोडीतला ‘ए’काराने संपणारा शब्द काळाची लांबी दाखवतो.

यावरून निरोपाला लांबीचा शब्द का लागतो ते कळते. भेटताना आपण एका क्षणाची दखल घेतो. निघताना आपण समोरच्याला पुढचा अख्खा काळ चांगला जावो असे म्हणतो आणि त्यासाठी जो काळ घालवायचा आहे त्याचे नाव घ्यावे लागते. या शुभेच्छा मुळात पूर्ण वाक्याच्या आहेत. ‘झ वू स्वेत यून बॉन झुर्ने’, म्हणजे ‘तुमचा दिवस चांगला जावो अशी माझी इच्छा’. रोजच्या वापरात वाक्याचे पुढचे शब्द गळतात आणि शेवटचे दोनच राहतात.

‘बों’ आणि ‘बॉन’ हा बदल लिंगामुळे होतो. मराठीत ‘चांगला दिवस’ आणि ‘चांगली रात्र’ म्हणतो तसेच. ‘झूर’, ‘स्वार’, ‘वीकेंड’ पुल्लिंगी आहेत, म्हणून त्यांच्याआधी ‘बों’. ‘झुर्ने’, ‘स्वारे’, ‘न्वी’ (रात्र), ‘स्मेन’ (आठवडा) स्त्रीलिंगी आहेत, म्हणून ‘बॉन’. दुपारसाठीचा ‘आप्रे-मिदी’ हा शब्द मात्र दोन्ही लिंगांत चालतो. गंमत अशी की तो स्वराने सुरू होत असल्यामुळे कोणतेही लिंग घेतले तरी उच्चार ‘बॉनाप्रे-मिदी’ असाच होतो. म्हणजे बोलताना चुकायची भीती नाही, फरक फक्त लेखनात दिसतो. दुपारच्या जेवणानंतर निघताना ही शुभेच्छा नेहमी ऐकू येते.

उरलेला वेळ : ‘फँ’ या छोट्या शब्दाचे काम

आता समजा, दुपारचे साडेचार वाजले आहेत. समोरच्याचा दिवस जवळपास संपत आला आहे. ‘बॉन झुर्ने’ म्हटले तर चूक नाही, पण कानाला ते थोडे उशिरा आलेले वाटते. ‘बॉन स्वारे’ म्हणायला अजून वेळ आहे. या मधल्या पट्ट्यासाठी फ्रेंच माणूस ‘बॉन फँ द झुर्ने’ म्हणतो. ‘फँ’ म्हणजे शेवट, अर्थात येथे ‘दिवसाचा उरलेला शेवटचा भाग’.

या ‘फँ’मध्ये दुःखाची किंवा समाप्तीची छटा नसते. ‘तुमच्या दिवसाचा शेवट चांगला होवो’ असे मराठीत शब्दशः म्हटले तर विचित्र वाटेल. फ्रेंचमध्ये तो फक्त उरलेल्या वेळेचा हिशेब आहे. हाच हिशेब इतर ठिकाणीही लागतो. दुपार सरत आली असेल तर ‘बॉन फँ दाप्रे-मिदी’. रात्रीच्या मेजवानीतून कोणी लवकर निघाले, तर मागे थांबणाऱ्यांना ते ‘बॉन फँ द स्वारे’ म्हणतात. रविवारी दुपारी मित्राचा निरोप घेताना ‘बॉन फँ द वीकेंड’, कारण सुट्टीचा अर्धा दिवस अजून शिल्लक आहे. डिसेंबरच्या मध्यावर, वर्ष संपण्याआधी पुन्हा भेट होणार नसेल, तर ‘बॉन फँ दाने’.

येथे दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला, त्या काळाचा कितीसा भाग उरला आहे? दुसरा, तो संपण्याआधी आपण पुन्हा भेटणार आहोत का? दुसरा प्रश्न अनेकदा निसटतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी दुपारी जेवायला निघाला, तर त्याला ‘बॉन झुर्ने’ म्हणत नाहीत, कारण तासाभरात तो परत येणार आहे. तेथे ‘आ तुतालर’, म्हणजे ‘थोड्या वेळाने भेटू’. संध्याकाळी घरी जाताना मंगळवारी त्याला ‘बॉन स्वारे, आ दमँ’ म्हणतात, म्हणजे संध्याकाळ चांगली जावो, उद्या भेटू. शुक्रवारी तोच निरोप ‘बों वीकेंड, आ लँदी’ असा होतो, म्हणजे शनिवार-रविवार चांगला जावो, सोमवारी भेटू. पुढची भेट जितकी लांब, तितका शुभेच्छेतला काळ मोठा. पुन्हा भेट होण्याची शक्यताच नसेल, तर काळाचे नावच गळते आणि ‘बॉन कोंतिन्युआस्यों’ म्हणतात. तुमचे जे चालले आहे ते पुढेही चांगले चालो, असा त्याचा भाव. म्हणूनच रोज भेटणाऱ्या सहकाऱ्याला हे शब्द म्हटले तर तो दचकेल. ही नोकरी सोडून चालली की काय, असे त्याला वाटेल.

आठवड्याचा शेवट : फ्रान्समध्ये एक, क्वेबेकमध्ये दुसरा

आता मूळ शब्दांकडे येऊ. ‘बॉन फँ द स्मेन’ म्हणजे ‘आठवड्याचा उरलेला भाग चांगला जावो’. वरचे सूत्र फ्रान्समध्ये जसेच्या तसे लागू पडते. बुधवारी संध्याकाळी किंवा गुरुवारी एखाद्या ग्राहकाशी बोलणे संपले, या आठवड्यात पुन्हा बोलणे होणार नाही, तर ‘बॉन फँ द स्मेन’. त्यात मुख्यतः गुरुवार आणि शुक्रवार येतात. शनिवार-रविवारसाठी फ्रान्समध्ये वेगळा शब्द आहे, ‘वीकेंड’. तो इंग्रजीतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला आणि पूर्णपणे रुळला. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधील फ्रेंच भाषकही तोच वापरतात.

पण आठवडा रविवारी संपतो, मग ‘आठवड्याचा शेवट’ शुक्रवारी कसा? याचे उत्तर ‘स्मेन’ या शब्दाच्या दुहेरी वापरात आहे. कॅलेंडरमध्ये ‘स्मेन’ सात दिवसांचाच असतो. रोजच्या बोलण्यात मात्र ‘आँ स्मेन’ म्हणजे ‘कामाच्या दिवसांत’. दुकानाच्या दारावर ‘आँ स्मेन’ अमुक वेळ आणि ‘वीकेंड’ला तमुक वेळ असे लिहिलेले असते. म्हणजे बोलण्यातला ‘स्मेन’ सोमवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो आणि साहजिकच त्याचा ‘फँ’ गुरुवार-शुक्रवारवर येतो.

क्वेबेकमध्ये इतिहासाने वेगळे वळण घेतले. तेथील फ्रेंच भाषक चारही बाजूंनी इंग्रजी बोलणाऱ्यांनी वेढलेले आहेत. इंग्रजी शब्द सरसकट घेतले तर आपली भाषा हळूहळू विरघळेल, ही भीती तेथे जुनी आहे. 1977 मध्ये प्रांताने फ्रेंच भाषेची सनद कायद्याच्या रूपात मंजूर केली आणि फ्रेंचला व्यवहाराची मुख्य भाषा केले. शब्दांच्या निवडीतही हीच वृत्ती दिसते. फ्रान्समधील रस्त्यांवर थांबण्याच्या पाटीवर ‘स्टॉप’ लिहिलेले असते, क्वेबेकमध्ये त्याच पाटीवर ‘आरे’ हा फ्रेंच शब्द असतो. ईमेलसाठी ‘कुरिएल’ हा शब्दही क्वेबेकमधूनच प्रचारात आला. त्याच ओघात इंग्रजी ‘वीकेंड’ऐवजी त्याचे फ्रेंच रूप ‘फँ द स्मेन’ तेथे शनिवार-रविवारचे नाव झाले. हे आता तेथील रोजचे, घरगुती नाव आहे. कॅनडाच्या इतर प्रांतांतील फ्रेंच भाषकही असेच म्हणतात.

याला एक गमतीदार दुसरी बाजू आहे. इंग्रजीपासून इतके सावध असलेल्या क्वेबेकमध्ये सकाळी भेटताना ‘बों मातँ’ म्हणण्याची सवय पसरली. हा इंग्रजी ‘गुड मॉर्निंग’चा शब्दशः केलेला अवतार मानला जातो आणि भाषेविषयी सल्ला देणारे त्याऐवजी साधे ‘बोंझूर’ वापरा असे सुचवतात. लोक मात्र म्हणतातच. फ्रान्समध्ये ‘बों मातँ’ ऐकू येत नाही. सकाळी निघताना ‘बॉन मातिने’ तेवढे म्हणतात. तेव्हा एखाद्या पत्राची सुरुवात ‘बों मातँ’ अशी असेल, तर लिहिणारा बहुधा क्वेबेकचा आहे, असा अंदाज बांधता येतो.

एक उदाहरण : पुण्याहून दोन पत्रे

पुण्यात बसून फ्रेंच भाषांतराचे काम करणाऱ्या एका व्यक्तीचे दोन ग्राहक आहेत असे समजू. एक फ्रान्समधील ल्योनचा, दुसरा क्वेबेकमधील मॉन्ट्रिऑलचा. जानेवारीतला गुरुवार आहे आणि पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजले आहेत. हिवाळ्यात ल्योन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणून तेथे दुपारचे तीन. मॉन्ट्रिऑल साडेदहा तास मागे, म्हणून तेथे सकाळचे नऊ. उन्हाळ्यात दोन्हीकडे घड्याळ एक तास पुढे जाते. तेव्हा पुण्याच्या साडेसातला ल्योनमध्ये चार आणि मॉन्ट्रिऑलमध्ये दहा वाजलेले असतात.

पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ वाचणाऱ्याचे धरायचे. पुण्यात संध्याकाळ झाली म्हणून दोघांनाही ‘बोंस्वार’ लिहिले, तर मॉन्ट्रिऑलच्या माणसाला ते सकाळच्या कॉफीसोबत वाचावे लागेल. दोघांनाही सुरुवात ‘बोंझूर’ने करणे योग्य. पत्र केव्हा उघडले जाईल याची खात्री नसते तेव्हाही ‘बोंझूर’ सर्वांत सुरक्षित.

पत्राच्या शेवटी, या आठवड्यात आणखी बोलणे होणार नसेल, तर ल्योनच्या ग्राहकाला ‘बॉन फँ द स्मेन’ अगदी बरोबर आहे. उरलेला गुरुवार आणि शुक्रवार त्यात आले. हेच शब्द मॉन्ट्रिऑलला गुरुवारी सकाळी नऊ वाजता पोचले, तर वाचणारा म्हणेल, सुट्टीला अजून दोन दिवस आहेत, याने आत्ताच निरोप का घेतला? उद्या हा कामावर नाही की काय? तेथे साधे ‘बॉन झुर्ने’ पुरेसे. शुक्रवारी लिहायचे झाले तर ल्योनला ‘बों वीकेंड’ आणि मॉन्ट्रिऑलला ‘बॉन फँ द स्मेन’.

खरा घोटाळा मुदतीत होतो. समजा, दोघांनाही ‘काम आँ फँ द स्मेन पाठवते’ असे कळवले. ल्योनचा ग्राहक शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहील आणि काम न आल्यास त्याला मुदत चुकली असे वाटेल. मॉन्ट्रिऑलच्या ग्राहकाला शनिवार-रविवार अपेक्षित आहे, तो सोमवारी सकाळी पेटी उघडेल. उलट दिशेनेही हेच होते. मॉन्ट्रिऑलहून ‘दुरुस्त्या आँ फँ द स्मेन पाठवतो’ असे आले आणि फ्रान्समध्ये फ्रेंच शिकलेल्या माणसाने शुक्रवार मोकळा ठेवला, तर शुक्रवार रिकामा जातो आणि दुरुस्त्या रविवारी येऊन पडतात.

क्वेबेकचे लोक स्वतः हा फरक एका लहानशा शब्दाने सांभाळतात. ‘फँ द स्मेन’ म्हणजे शनिवार-रविवार, पण मध्ये ‘ला’ घालून ‘आ ला फँ द ला स्मेन’ म्हटले की अर्थ होतो, ‘आठवडा संपताना’, म्हणजे गुरुवार-शुक्रवारच्या आसपास. हा बारकावा ओळखता आला तर उत्तम. पण मुदत लिहिताना त्यावर विसंबू नये. वार आणि वेळ लिहावी, उदाहरणार्थ ‘शुक्रवारी दुपारी बाराच्या आधी, तुमच्या वेळेनुसार’. याचा अर्थ दोन्ही देशांत एकच होतो.

पत्र कोठून आले हे माहीत नसेल, तर खुणा शोधाव्यात. ‘कुरिएल’ किंवा ‘बों मातँ’ असे शब्द, सहीखालचा पत्ता, दूरध्वनी क्रमांकाचा देश. खुणा पूर्ण खात्री देत नाहीत, कारण क्वेबेकमध्येही काहीजण ‘वीकेंड’ म्हणतात आणि फ्रान्समध्ये इंग्रजी शब्द टाळू पाहणारे काही लोक शनिवार-रविवारलाही ‘फँ द स्मेन’ म्हणतात. शंका असेल तेथे ‘म्हणजे शुक्रवारी ना?’ असे विचारून घ्यावे.

वेळ चुकली की काय होते

रात्री नऊला उपाहारगृहातून निघताना ‘बॉन न्वी’ म्हणणे ही शिकणाऱ्यांची नेहमीची अडचण. ‘गुड नाइट’ किंवा ‘शुभ रात्री’चे ते भाषांतर वाटते, पण ‘बॉन न्वी’ म्हणजे ‘झोप चांगली लागो’. घरात मुलांना अंथरुणात घालताना, प्रवासात खोलीकडे जाताना किंवा अगदी उशिरा पांगताना ते म्हणतात. वाढप्याला नऊ वाजता ‘बॉन न्वी’ म्हटले तर त्याला हसू येईल, कारण त्याची पाळी अजून संपलेली नाही. तेथे ‘बॉन स्वारे’ हवे.

दुसरी अडचण एकाच माणसाला दिवसात दोनदा ‘बोंझूर’ म्हणण्याची. सकाळी भेटलेल्या सहकाऱ्याला दुपारी पुन्हा ‘बोंझूर’ म्हटले, तर आपण सकाळची भेट विसरलो असे त्याला वाटते. दुसऱ्यांदा ‘रबोंझूर’ म्हणतात, म्हणजे ‘पुन्हा एकदा नमस्कार’, किंवा मित्रमंडळींत नुसते ‘र’. अनेकदा फक्त हसून मान हलवली तरी पुरते.

वर्षाच्या बाबतीतही हाच हिशेब चालतो. ‘बॉनाने’, म्हणजे नववर्षाची शुभेच्छा, 1 जानेवारीपासून म्हणतात आणि रूढीनुसार 31 जानेवारीपर्यंत ती देता येते. ज्या व्यक्तीची त्या वर्षातली पहिली भेट जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात होते, तिला तेव्हा ‘बॉनाने’ म्हणणे अपेक्षितच असते. पण त्याच व्यक्तीला ते दुसऱ्यांदा म्हणत नाहीत. आणि डिसेंबरात नवे वर्ष सुरू होण्याआधी निरोप घेताना उरलेल्या दिवसांसाठी ‘बॉन फँ दाने’ किंवा सणांसाठी ‘बॉन फेत’ म्हणतात.

सुट्टी सरकली की शुभेच्छाही सरकते. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण दरवर्षी गुरुवारी येतो आणि फ्रान्समध्ये त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. मधला शुक्रवारही रजा घेऊन सलग चार दिवस मोकळे करण्याला ‘पों’, म्हणजे पूल, म्हणतात. त्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळीच ‘बों वीकेंड’ किंवा ‘बों पों’ ऐकू येते. तेव्हा बुधवारी कोणी ‘बों वीकेंड’ म्हणाले तर ते वार विसरले असे समजण्याआधी कॅलेंडर पाहावे.

उत्तर काय द्यायचे

या शुभेच्छांना गप्प राहून चालत नाही. साधे उत्तर म्हणजे ‘मेर्सी, वूझोसी’, म्हणजे ‘आभारी आहे, तुम्हालाही’ (येथे ‘झ’ मात्र ‘झाड’मधला). मित्राला ‘त्वा ऑसी’, म्हणजे ‘तुलाही’. थोडे औपचारिक हवे असेल तर ‘मेर्सी, वू द मेम’. मात्र परत देण्याआधी ती शुभेच्छा समोरच्याला लागू पडते का, ते पाहावे. सुट्टीवर निघालेल्या ग्राहकाला दुकानदार ‘बॉन वाकाँस’, म्हणजे ‘सुट्टी छान जावो’, म्हणाला आणि ग्राहकाने ‘तुम्हालाही’ म्हटले, तर दुकानदार हसून म्हणेल, मी तर इथेच आहे. अशा वेळी नुसते ‘मेर्सी’ म्हणावे आणि त्याच्या वाट्याला जो वेळ आहे त्याची शुभेच्छा द्यावी, ‘बॉन झुर्ने’.

थोडक्यात

- भेटताना : दिवसा ‘बोंझूर’, संध्याकाळपासून ‘बोंस्वार’.
- निघताना, सकाळपासून दुपारपर्यंत : ‘बॉन झुर्ने’, दुपारी ‘बॉनाप्रे-मिदी’.
- निघताना, साधारण चारनंतर : ‘बॉन फँ द झुर्ने’, कामाचा दिवस संपल्यावर ‘बॉन स्वारे’.
- झोपायला जाताना : ‘बॉन न्वी’.
- सोमवारी, आठवडाभर भेट होणार नसेल तर : ‘बॉन स्मेन’.
- बुधवार संध्याकाळ आणि गुरुवार, फ्रान्समध्ये : ‘बॉन फँ द स्मेन’.
- शुक्रवारी : फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंडमध्ये ‘बों वीकेंड’, क्वेबेकमध्ये ‘बॉन फँ द स्मेन’.
- मुदत लिहिताना : यांपैकी काहीही नाही. वार आणि वेळ.